पाळी अगदी कमी आणि दिवस राहत नाहीत: गर्भपिशवीचा टीबी कसा शोधतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून ओपीडीत बसताना हे प्रश्न मला वारंवार ऐकावे लागतात. कधी पेशंट विचारते, कधी सोबत आलेली सासू, तर कधी दाराबाहेर थांबलेला नवरा फोन करून विचारतो. उत्तरं देताना एकाच पेशंटची गोष्ट मधूनमधून सांगणार आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे काही तपशील बदलले आहेत. ती कागल तालुक्यातली, वय 27, लग्नाला पाच वर्षं झालेली. आत आली आणि बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पाळी येती न् जाती, कळतच न्हाई बघा."

पाळी कमी म्हणजे नेमकी किती कमी?

दोन दिवसांच्या आत संपणारी, किंवा दिवसभरात एक पॅडसुद्धा नीट न भिजणारी पाळी असेल तर मी कान टवकारते. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आधी किती होती आणि आता किती झाली. मुळापासूनच अडीच-तीन दिवस पाळी असणाऱ्या बायका असतात, त्यांना काही होत नाही. आमच्या या पेशंटला लग्नाच्या वेळी चार दिवस जायचं, पहिल्या दोन दिवसांत तीन-तीन पॅड लागायचे. पंचविसाव्या वर्षापर्यंत ते दीड दिवसावर आलं. सत्ताविसाव्या वर्षी तपकिरी डाग आणि एखादा पॅड, तोही सवय म्हणून लावलेला. घरात कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट "बरं झालं, शेतात कामाला त्रास नाही" असंच सगळे म्हणायचे.

पाळी कमी झाली म्हणजे टीबीच का?

नाही. थायरॉइड, पीसीओडी, गर्भनिरोधक गोळ्या, वाढतं वय, एकदम उतरलेलं वजन, गर्भपातानंतर पिशवी साफ केल्यामुळे आतून चिकटलेलं अस्तर, अशी कितीतरी कारणं असतात आणि ती टीबीच्या आधी तपासावी लागतात. उलट बाजूही लक्षात ठेवा. जननमार्गाचा टीबी असलेल्या अनेक बायकांची पाळी अगदी व्यवस्थित असते आणि मूल न होणं एवढीच त्यांची तक्रार असते. त्यामुळे पाळीवरून टीबी ठरत नाही आणि पाळीवरून तो नाकारताही येत नाही.

संशय वाढतो तो गणित जुळत नाही तेव्हा. हिच्या बाबतीत थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि बाकीची हार्मोन्स सगळी नॉर्मल होती. मग आम्ही सोनोग्राफीने एक महिना बीजाची वाढ पाहिली. तेराव्या दिवशी बीज 20 मिलिमीटरचं झालं, पंधराव्या दिवसापर्यंत फुटलं. म्हणजे बीजकोष आपलं काम चोख करत होते. पण गर्भपिशवीचं अस्तर बाविसाव्या दिवशीही 4.8 मिलिमीटरच होतं. त्या वेळी ते साधारण सात-आठच्या पुढे असायला हवं. वरून हुकूम येतोय आणि खाली जमीनच उगवत नाही, असा तो प्रकार. पिशवी तिची कधी साफ केलेली नव्हती, गर्भपातही झालेला नव्हता. मग अस्तर कुणी खराब केलं, हा प्रश्न उरला.

मला खोकला नाही, ताप नाही. मग टीबी पोटात कसा जाईल?

जंतू शिरतो फुप्फुसातूनच, बहुतेकदा लहानपणी किंवा वयात येताना. तिथून रक्तावाटे पसरून तो गर्भनलिकांमध्ये, म्हणजे आपण ज्यांना नळ्या म्हणतो त्यांच्यात जाऊन बसतो. फुप्फुसातलं मूळ ठिकाण तोवर भरून आलेलं असतं. म्हणून छातीचा एक्स-रे बऱ्याचदा स्वच्छ येतो आणि पेशंटला कधी खोकला झालेला आठवतही नाही.

या आजारात नळ्या जवळपास नेहमीच आणि बहुधा दोन्ही बाजूंच्या बिघडतात. तिथून जंतू खाली गर्भपिशवीच्या अस्तरात उतरतो, पण तो साधारण निम्म्या बायकांमध्येच. म्हणूनच पाळी ठीक असूनही नळ्या बंद असू शकतात. अस्तराचा वरचा थर दर महिन्याला पाळीबरोबर गळून जातो आणि खालच्या मुळाच्या थरातून पुन्हा उगवतो. टीबीची सूज त्या मुळाच्या थरापर्यंत पोचली की तिथे व्रण होतात, पुढच्या-मागच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि उगवण थांबते. पाळी आटते ती तेव्हा.

आमच्या घरात कुणालाच टीबी नव्हता. डॉक्टर पुन्हा पुन्हा तेच का विचारतात?

कारण लोक "टीबी" या शब्दाला "नाही" म्हणतात आणि खरी गोष्ट दुसऱ्याच शब्दांत सांगतात. मी आता प्रश्न बदलून विचारते. लहानपणी मानेला गाठी आल्या होत्या का? सहा महिने गोळ्या खाल्ल्या होत्या का? लघवी लाल व्हायची असं औषध आठवतंय का? छातीत पाणी झालं होतं का?

शेवटच्या प्रश्नावर आमच्या पेशंटच्या सासूबाई गप्प राहिल्या, पण आई लगेच म्हणाली, "व्हय की, नववीत असताना पाणी झालतं. सुईनं काढलं. गोळ्या दिलत्या, चार महिन्यांनी बरी झाली म्हणून बंद केल्या." मुलीला स्वतःला ते टीबीचं औषध होतं हे माहीत नव्हतं. लग्न जमवताना अडचण नको म्हणून घरातही तो विषय पुन्हा कुणी काढला नव्हता. वयात येणाऱ्या मुलीच्या छातीत असं पाणी होणं हे आपल्याकडे बहुतेक वेळा टीबीमुळेच असतं. एक्स-रेमध्ये डाव्या बाजूचा खालचा कोपरा बुजलेला दिसला, जुनी खूण. चार वर्षांचा तपास या एका वाक्यापाशी आला. याआधीच्या कुठल्याच फाइलमध्ये ते लिहिलेलं नव्हतं, कारण कुणी त्या शब्दांत विचारलंच नव्हतं.

रक्ताची टेस्ट करून सरळ कळत नाही का?

नाही. टीबीच्या अँटिबॉडी शोधणाऱ्या रक्ताच्या किट्सवर केंद्र सरकारने 2012 मध्ये बंदी घातली, कारण त्या ज्यांना आजार नाही त्यांनाही आहे म्हणून दाखवत आणि ज्यांना आहे त्यांना नाही. हातावर टोचून बघायची मॅन्टू टेस्ट आणि रक्तातली इग्रा टेस्ट या दोन्ही फक्त एवढंच सांगतात की शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली आहे. आपल्या देशात ती असंख्य लोकांची पडलेली असते, आणि मॅन्टू तर बीसीजी लशीमुळेही उठू शकते. ईएसआर वाढलेला असणं किंवा सीए-125 वाढणं हे दहा कारणांनी होतं.

या आजाराला ऊतीचा तुकडाच लागतो. म्हणजे पिशवीच्या अस्तराची बायोप्सी, आणि ती योग्य दिवशी, योग्य बाटल्यांत. मला विचाराल तर सगळा घोळ इथेच होतो.

बायोप्सी कोणत्या दिवशी करतात?

पाळी येण्याच्या आधीच्या आठवड्यात. 28 दिवसांचं चक्र असेल तर साधारण एकविसाव्या ते सव्विसाव्या दिवसादरम्यान. चक्र पस्तीस दिवसांचं असेल तर एकविसावा दिवस लवकर होतो, म्हणून दिवस पुढून मोजण्यापेक्षा अपेक्षित तारखेपासून मागे मोजलेले बरे.

कारण सोपं आहे. टीबीमुळे अस्तरात ग्रॅन्युलोमा नावाच्या पेशींच्या बारीक गाठी तयार होतात. पाळीत वरचा थर गळला की त्याही गळून जातात, आणि नवीन तयार व्हायला वेळ लागतो. पाळी संपल्या संपल्या नमुना घेतला तर अस्तर कोवळं असतं आणि गाठी बनलेल्याच नसतात. पाळीच्या तोंडावर त्या सर्वांत पिकलेल्या सापडतात.

आमच्या पेशंटची एक बायोप्सी आधी दुसऱ्या एका रुग्णालयात झालेली होती. रिपोर्टावर तारीख होती, आणि तिने घरच्या भिंतीवर लावलेल्या दूध संस्थेच्या कॅलेंडरावर पाळीला लाल खूण केलेली होती. दोन्ही शेजारी ठेवले तेव्हा कळलं, नमुना नवव्या दिवशी घेतला होता. रिपोर्ट होता: "वाढीच्या टप्प्यातलं अस्तर, ग्रॅन्युलोमा दिसला नाही." वाचणाऱ्याने खरं तेच लिहिलं होतं. नवव्या दिवशी दिसणारच काय?

माझी तारीखच धड कळत नाही, नुसते डाग पडतात. मग दिवस कसा ठरवायचा?

अशा वेळी सोनोग्राफीने बीज कधी फुटलं ते बघतो आणि त्यानंतर नऊ ते बारा दिवसांनी नमुना घेतो. पाळी पूर्णच बंद असेल तर कोणताही दिवस चालतो.

कोल्हापुरात एक गोष्ट मुद्दाम विचारावी लागते. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला किंवा चैत्रात जोतिबाला जायचं म्हणून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या आहेत का? मेडिकलमधून आणून बायका त्या घेतात आणि ते औषध वाटतच नसल्याने सांगत नाहीत. त्या गोळ्यांनी अस्तराचं रूप बदलतं, दिवसांचा हिशोब बिघडतो आणि पॅथॉलॉजिस्टला नमुना वाचणं अवघड होतं. घेतल्या असतील तर एक साधी पाळी येऊन गेल्यावर पुढच्या चक्रात बायोप्सी करावी.

पाळीच्या आधी पिशवीत काही घालायचं म्हणता, आणि त्याच महिन्यात दिवस राहिले असले तर?

हा प्रश्न फार कमी जणी विचारतात, पण तो सगळ्यात रास्त आहे. बायोप्सीच्या महिन्यात निरोध वापरायला सांगतो, आणि नमुना घेण्याच्या सकाळी लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करतो. नुसत्या टेस्टवर मात्र विसंबायचं नाही, कारण गर्भ अगदी कोवळा असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते. वर्षानुवर्षं मूल नाही म्हणून नवरा-बायको निरोधावर हसतात. तरीही मी तो सोडत नाही.

नमुना घेताना दुखतं का? भूल लागते का?

बारीक प्लॅस्टिकच्या नळीने घेतला तर पाळीच्या कळेसारखी एक-दोन मिनिटं कळ येते, भूल लागत नाही आणि तासाभरात घरी जाता येतं. पिशवीचं तोंड घट्ट असेल किंवा आत चिकटलेलं असेल तर थोडी भूल देऊन क्युरेटिंग करतो. नळ्या जिथे पिशवीत उघडतात त्या दोन्ही वरच्या कोपऱ्यांतून नमुना यायला हवा, कारण जंतू तिथूनच खाली उतरतो. मधूनच थोडंसं खरवडलं तर नेमका आजारी भाग राहून जातो.

एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या का? दोनदा पैसे का?

दोन बाटल्यांत दोन वेगळी द्रव्यं असतात आणि त्यांची कामं एकमेकांच्या विरुद्ध आहेत. पहिलीत फॉर्मलीन असतं. त्यात ऊती जशीच्या तशी टिकते आणि पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली ग्रॅन्युलोमा शोधतात. पण फॉर्मलीन जंतूला मारतं. दुसरीत साधं सलाइन असतं. त्यात जंतू जिवंत राहतो, म्हणून त्यातला तुकडा जंतूचा डीएनए शोधणाऱ्या सीबीनाट मशीनला आणि जंतू उगवून बघायच्या कल्चरला जातो.

सगळा नमुना फॉर्मलीनमध्ये टाकला तर कल्चर कायमचं गेलं, आणि सीबीनाटलाही तो नमुना उपयोगाचा राहत नाही. हे होतं कसं, तर ऑपरेशनच्या खोलीत फॉर्मलीनची बाटली कायम भरून तयार असते. कुठलाही तुकडा निघाला की सिस्टर सवयीने तिचंच झाकण उघडतात. सलाइनची बाटली आधी सांगून ठेवावी लागते. आमच्या पेशंटचा पहिला नमुना असाच गेला होता, रिपोर्टाच्या वरच्या ओळीत "फॉर्मलीनमध्ये एक बाटली" असं लिहिलेलंच होतं. चुकीचा दिवस आणि एकच बाटली. दोन्ही चुका एकाच कागदावर, आणि त्या कागदाच्या भरवशावर दीड वर्षं "टीबी नाही" असं गृहीत धरून बीज वाढवायच्या गोळ्या चालल्या.

सलाइनच्या बाटलीची आणखी एक अडचण आहे. ती त्याच दिवशी लॅबला पोचावी लागते. गडहिंग्लज किंवा गगनबावड्याकडच्या पेशंटचा नमुना शनिवारी दुपारी घेतला तर तो सोमवारपर्यंत कुठेतरी पडून राहतो. म्हणून मी असे नमुने आठवड्याच्या सुरुवातीला सकाळी घेते, आणि बाटली बर्फाच्या डब्यातून, पण न गोठवता, पाठवते. आधी लॅबला फोन करून बायोप्सीचं सीबीनाट आणि कल्चर ते घेतात ना, हे विचारून ठेवते.

सीबीनाट निगेटिव्ह आलं. म्हणजे टीबी नाही ना?

असं म्हणता येत नाही. या आजारात जंतूंची संख्या फार कमी असते. फुप्फुसाच्या टीबीत एका थुंकीत ते अमाप असतात, पिशवीच्या तुकड्यात मूठभर. जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचे तर एका मिलिलिटरमध्ये साधारण 10,000 लागतात. सीबीनाटला शंभर-सव्वाशे पुरतात. आपल्या तुकड्यात कदाचित तेवढेही नसतात. शिवाय तो तुकडा नेमका आजारी जागेचा हवा.

म्हणून सीबीनाट पॉझिटिव्ह आलं तर त्याला मोठं वजन आहे, निगेटिव्हला फार नाही. पॉझिटिव्ह आलं की रिफाम्पिसिन हे औषध लागू पडेल का तेही ते लगेच सांगतं. कल्चर याहून संवेदनशील, पण संथ. द्रव माध्यमात 42 दिवस वाट बघितल्याशिवाय "काही उगवलं नाही" असं लिहीत नाहीत.

हिच्या दुसऱ्या बायोप्सीचं काय झालं ते सांगते. चक्र 29 दिवसांचं, नमुना पंचविसाव्या दिवशी, दोन बाटल्या. सीबीनाट दुसऱ्याच दिवशी आलं, निगेटिव्ह. नवरा आनंदाने पेढे आणायला निघाला होता, त्याला थांबवलं. सहाव्या दिवशी पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला: अस्तरात ग्रॅन्युलोमा, आणि त्यात या आजारात दिसणाऱ्या मोठ्या, अनेक केंद्रकांच्या पेशी. टीबीचा जुना इतिहास, अर्धवट सोडलेलं औषध, छातीतली खूण, आटलेलं अस्तर आणि आता हा ग्रॅन्युलोमा, यावर उपचार सुरू केले. 42 दिवसांनी कल्चरही निगेटिव्ह आलं. "मग औषध बंद करायचं का?" असं सासूबाईंनी विचारलं. नाही करायचं. ग्रॅन्युलोमा दिसल्यावर कल्चरच्या निगेटिव्हने तो खोटा ठरत नाही. तोटा झाला तो वेगळाच. आधीचं औषध अर्धवट सुटलेलं असल्याने जंतू औषधाला दाद देतो का हे कल्चरवर तपासायचं होतं, ते आता करता येणार नव्हतं. त्यामुळे तिच्याकडे जास्त बारकाईने लक्ष ठेवलं.

माझा पीसीआर पॉझिटिव्ह आहे. लगेच औषध सुरू करू का?

नुसत्या पीसीआरवर मी करत नाही. तो जंतूच्या डीएनएचा कण शोधतो, आणि तो कण मेलेल्या जंतूचा, जुन्या बऱ्या झालेल्या आजाराचा किंवा लॅबमध्ये दुसऱ्या नमुन्यातून आलेलाही असू शकतो. मूल होत नाही म्हणून आलेल्या बाईला एका पीसीआरच्या जोरावर सहा महिने टीबीच्या गोळ्या खायला लावणं, हे मी गेल्या काही वर्षांत फार पाहिलं. ग्रॅन्युलोमा, कल्चर, सीबीनाट किंवा दुर्बिणीतून दिसणाऱ्या स्पष्ट खुणा, यांतलं काहीतरी सोबत हवं. ते नसेल तर नमुना पुन्हा घ्या. एक महिना उशीर झाला तर बिघडत नाही.

नळ्यांचा फोटो काढला तर कळेल का?

नळ्यांचा फोटो, म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला एक्स-रे, खुणा दाखवतो, निदान करत नाही. टीबीत नळी जपमाळेसारखी मण्यामण्यांची दिसते, किंवा ताठ पाइपासारखी, किंवा टोकाला बंद होऊन फुगलेली. पिशवीची पोकळी आक्रसून वेडीवाकडी होते. अशी चित्रं दिसली की अनुभवी डॉक्टर मान डोलावतात, पण फुगलेली नळी इतर जंतुसंसर्गानेही होते. शिवाय आजार जागा असताना औषध दाबाने सोडलं तर तो चिडू शकतो. संशय दाट असेल तर आधी बायोप्सी, फोटो नंतर.

दुर्बिणीची तपासणी कधी लागते?

बायोप्सीत काही सापडत नाही आणि संशय जात नाही तेव्हा. पोटातून घातलेल्या दुर्बिणीत नळ्यांवर आणि पोटाच्या आतल्या पडद्यावर मोहरीएवढे पांढरट दाणे दिसतात, नळ्या मण्यांसारख्या जाड झालेल्या असतात, आतडी आणि पिशवी चिकटलेली असतात. तिथून तुकडा घेता येतो. तोही दोन बाटल्यांत, हे पुन्हा सांगते. पोट चिकटलेलं असेल तर दुर्बीण घालताना आतड्याला इजा व्हायचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, म्हणून ती पहिली पायरी नसते. पिशवीच्या आतून बघायची दुर्बीण वेगळी. तिच्यात फिकट अस्तर आणि चिकटलेले पडदे दिसतात.

औषध किती दिवस, कुठे मिळतं?

सहा महिने. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने त्यांतली तीन. सगळी एकत्र केलेल्या गोळ्या असतात आणि संख्या वजनावर ठरते. हिचं वजन 47 किलो, म्हणून रोज तीन गोळ्या. सरकारी टीबी केंद्रातून त्या फुकट मिळतात. खासगी डॉक्टरांनाही प्रत्येक टीबी पेशंटची नोंद सरकारच्या निक्षय पोर्टलवर करणं बंधनकारक आहे, आणि नोंद झाली की पोषण आहारासाठी महिन्याला 1000 रुपये खात्यात येतात. औषध सुरू करताना एचआयव्ही आणि साखर तपासतात, त्यात तुमच्यावर संशय घेण्याचा प्रश्न नाही, ते सगळ्याच टीबी पेशंटचं होतं.

लघवी केशरी होते, घाबरू नका. डोळे पिवळे, सारखी उलटी, अन्न नको वाटणं, किंवा अंधुक दिसणं आणि रंग ओळखायला अडचण, यांतलं काही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी या. या सहा महिन्यांत दिवस राहू देऊ नका, आणि त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या नकोत, कारण रिफाम्पिसिनमुळे त्यांचा असर कमी होतो. निरोध वापरा.

नवऱ्याला, मुलांना लागेल का? ताटवाटी वेगळी ठेवू का?

फुप्फुसात टीबी नसेल तर पिशवीचा टीबी श्वासातून पसरत नाही. ताटवाटी, अंथरूण, देवघर, काही वेगळं करायचं नाही. घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्याची थुंकी मात्र तपासा.

औषध संपल्यावर पाळी पहिल्यासारखी होईल का? मूल होईल का?

इथे मी गोड बोलत नाही. औषध जंतू मारतं, व्रण पुसत नाही. अस्तराच्या मुळाचा थर किती शिल्लक आहे त्यावर पाळीचं ठरतं, आणि नळ्या किती बिघडल्या त्यावर आपसूक दिवस राहण्याचं. लवकर सापडलेल्या काही जणींना नुसत्या औषधाने दिवस राहतात. नळी अर्धवट बिघडलेली असताना दिवस राहिले तर गर्भ नळीतच अडकण्याचा धोका असतो, म्हणून पाळी चुकल्याबरोबर सोनोग्राफी लागते.

आमच्या पेशंटचं सहा महिन्यांनंतर आतून दुर्बिणीने पाहिलं. पिशवीच्या मध्यावर एक जाड पडदा आणि डाव्या कोपऱ्यात चिकटण होती, ती कापली. मग अस्तर वाढवायला इस्ट्रोजेनच्या गोळ्या दिल्या. आता पाळी अडीच दिवस येते, अस्तर 6.5 मिलिमीटरपर्यंत जातं. नळ्या मात्र वाचल्या नाहीत. उजवी टोकाला बंद होऊन पाण्याने फुगलेली, डावी मण्यामण्यांची. म्हणजे मार्ग टेस्ट ट्यूबचाच, आणि त्याआधी ती फुगलेली नळी काढावी किंवा बांधावी लागेल, कारण तिच्यातलं पाणी पिशवीत झिरपून गर्भ रुजू देत नाही. खर्च ऐकून दोघं विचार करतायत. कारखान्याचं बिल आल्यावर सांगतो, म्हणाले.

अस्तर पूर्णच नष्ट झालं असेल तर टेस्ट ट्यूबनेही गर्भ रुजत नाही. मग 2021 च्या कायद्याच्या चौकटीत सरोगसी, नाहीतर दत्तक.

माझा जुना बायोप्सी रिपोर्ट निगेटिव्ह आहे. तो आता फुकट गेला का?

तो कागद फेकू नका. त्यावर दोन गोष्टी शोधा: नमुन्याची तारीख, म्हणजे तुमच्या पाळीपासून मोजून तो कितवा दिवस होता, आणि किती बाटल्या कशात पाठवल्या. मग पॅथॉलॉजी लॅबला विचारा की तुमचा तुकडा ज्यात बसवला होता तो मेणाचा ब्लॉक अजून ठेवलेला आहे का. लॅब तो सहसा काही वर्षं जपून ठेवते आणि मागितला तर देते. त्या ब्लॉकचे आणखी खोल काप घेऊन पुन्हा बघता येतात. ग्रॅन्युलोमा एका कापात नसतो आणि पुढच्या दहाव्या कापात सापडतो, असं होतं. दिवस बरोबर असेल तर हे आधी करून बघावं, कारण त्यात तुम्हाला काहीच टोचावं लागत नाही. दिवस चुकलेला असेल तर मात्र त्या ब्लॉकमध्ये वेळ घालवू नका. पुढच्या पाळीला कॅलेंडरावर खूण करा, आणि नमुन्याच्या दिवशी आत जाताना सिस्टरना विचारा, "सलाइनची बाटली ठेवलीय ना?"